प्रबंधाच्या संदर्भसूचीचा ताळा

भाचीचा प्रबंध बांधणीला जायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा ती लॅपटॉप घेऊन आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आली. विषय बडोदे संस्थानातली ग्रंथालय चळवळ, भाषा मराठी, पानं दोनशे चाळीसच्या आसपास. "मावशी, लिहून सगळं झालंय. फक्त संदर्भसूचीवर एक नजर टाक," म्हणाली.

माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथे मुलं प्रबंध घेऊन येत आणि हेच म्हणत. पण संदर्भसूची एक नजर टाकून तपासता येत नाही. नुसती पाहिली तर ती नीटच दिसते. नावं ओळीत असतात, वर्षं कंसात असतात, दुसरी ओळ जरा आत सरकलेली असते. सूचीतली खरी चूक सूचीत दिसतच नाही, कारण ती सूची आणि मजकूर यांच्या मधल्या जागेत असते. एकशे बाराव्या पानावर "(मेहता, १९६७)" असं लिहिलंय आणि सूचीत मेहतांचं १९६७ सालचं काहीच नाही, ही चूक फक्त सूची वाचून किंवा फक्त पान वाचून कुणालाही सापडणार नाही.

म्हणून मी तिला म्हटलं, "आपण सूची वाचायची नाही, तिचा ताळा घ्यायचा." दुकानदार दिवसाअखेरीस रोजमेळ आणि गल्ल्यातली रोकड यांचा घेतो तसा. त्या ताळ्याची पद्धत आणि तिच्या प्रबंधात तो कुठे कुठे जमला नाही, तेच इथे सांगते. लेखकांची खरी नावं गरज असेल तिथेच दिली आहेत. जोशी, मेहता, देसाई ही नावं नमुन्यापुरती आहेत.

लेखक-वर्ष पद्धतीत, म्हणजे एपीएसारख्या शैलीत, मजकुरातला संदर्भ म्हणजे दोन दात्यांची किल्ली असते. एक दाता आडनावाचा, दुसरा वर्षाचा. वाचक ती किल्ली घेऊन सूचीपाशी जातो आणि तिथे बरोबर एक कुलूप उघडलं पाहिजे. एकही उघडलं नाही तर संदर्भ हरवला, दोन उघडली तर संदर्भ संदिग्ध झाला. आणि सूचीत असं एखादं कुलूप असेल की ज्याची किल्ली मजकुरात कुठेच नाही, तर ती नोंद तिथे का आहे हा प्रश्न उरतो. बाकी स्वल्पविराम, पूर्णविराम, तिरपा टाइप हे सगळं याच्या नंतरचं. बहुतेक मुलं उलटं करतात. आठवडाभर स्वल्पविराम सारखे करत बसतात आणि किल्ली कुलपाला लागते का ते पाहायचं राहून जातं.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते, ती म्हणजे कोणती शैली आणि तिची कितवी आवृत्ती. विभागाचं स्वतःचं नियमपत्रक असेल तर ते सगळ्यात वर. भाचीच्या विभागाने एपीएची सातवी आवृत्ती सांगितली होती. पण तिची पहिली दोन प्रकरणं एका जुन्या निबंधातून वाढवलेली होती आणि तो सहाव्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिलेला होता. फरक लहान दिसतो, पण किल्लीवरच परिणाम करतो. सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असले की पहिल्या उल्लेखात सगळ्यांची आडनावं द्यायची आणि पुढे "व इतर" म्हणायचं. सातवीत तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्यापासूनच "पहिला लेखक व इतर". त्यामुळे एकच लेख तिच्या दुसऱ्या प्रकरणात "देसाई, पटेल व शहा, २००९" होता आणि चौथ्या प्रकरणात "देसाई व इतर, २००९".

आता प्रत्यक्ष काम. मजकुरातले सगळे संदर्भ गोळा करायचे. कंस शोधून भागत नाही, कारण "मेहता यांनी १९६७ मध्ये दाखवल्याप्रमाणे" असे कंसाबाहेरचे संदर्भ निसटतात. म्हणून मी वर्ष शोधते. तिच्या प्रबंधातल्या साधनांची सगळी वर्षं १८, १९ किंवा २० ने सुरू होणारी होती. `Ctrl+F` दाबून आधी "१८", मग "१९", मग "२०" शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबून तो संदर्भ आहे की नुसता घटनेचा सन, हे पाहायचं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, यातलं १९०६ संदर्भ नाही. तेच काम इंग्रजी अंकांनी, 18, 19, 20 टंकूनही करायचं, कारण दुसरीकडून चिकटवलेल्या परिच्छेदांत अंक इंग्रजीच राहिलेले असतात. या निमित्ताने तेही एकसारखे होतात.

तळटीपा, तक्त्यांखालची "स्रोत" ही ओळ, छायाचित्रांखालच्या ओळी आणि परिशिष्टं यांत शोधायला बहुतेक जण विसरतात. भाचीही विसरली होती.

सापडलेला प्रत्येक संदर्भ एक्सेलच्या पहिल्या स्तंभात "आडनाव वर्ष" एवढाच टंकायचा किंवा चिकटवायचा. चिकटवलेला बरा, का ते पुढे कळेल. मग त्यातले तेच-तेच काढून टाकायचे. दुसऱ्या स्तंभात सूचीतल्या नोंदींची आडनावं आणि वर्षं. तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभात ही दोन सूत्रं घालून खालपर्यंत ओढायची:

```
C2:  =COUNTIF(B:B,A2)
D2:  =COUNTIF(A:A,B2)
```

पहिलं सूत्र सांगतं की मजकुरातली ही किल्ली सूचीत किती वेळा आहे. दुसरं उलट सांगतं. दोन्ही स्तंभांत सगळीकडे १ हवा. शून्य आलं की ती ओळ रंगवायची.

दोन संध्याकाळी गेल्या यात. मजकुरात एकूण ९१ वेगवेगळ्या किल्ल्या निघाल्या आणि सूचीत ८६ नोंदी होत्या. सरळ जुळल्या ७४. म्हणजे मजकुराच्या बाजूला १७ उरल्या आणि सूचीच्या बाजूला १२. ती घाबरलीच. मी तिला म्हटलं की घाबरायचं नाही, आता प्रत्येकीला विचारायचं, तू कुठून आलीस.

सतरांपैकी सात नावाच्या होत्या, आणि नावाच्या चुका मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त प्रकारांनी होतात. बडोद्याच्या विषयावर तर विचारूच नका. न्यूटन मोहन दत्त हे संस्थानाच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख होते आणि बडोद्याच्या ग्रंथालयांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९२८ चं. ते आडनाव इंग्रजी लिपीत वाचलं की कुणी दत्त लिहितं, कुणी डट. भाचीने तीन वर्षांत तीनदा टिपणं काढली. मजकुरात एकदा "दत्त, १९२८" झालं, एकदा "डट, १९२८". सूचीत "दत्त, न्यूटन मोहन" अशी बरोबर नोंद होतीच, शिवाय "न्यूटन, मोहन दत्त" अशी आणखी एक, कारण कुठल्याशा आपोआप उतरवलेल्या नोंदीत पहिल्या नावाला आडनाव धरलं गेलं होतं. एकच पुस्तक द, ड आणि न अशा तीन अक्षरांखाली फिरत होतं. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल बॉर्डन यांचंही तसंच. बोर्डन, बॉर्डन, बोर्डेन. परभाषेतल्या नावांची एक वेगळी यादी करून प्रत्येकाचं एकच देवनागरी रूप ठरवून ठेवणं, हे काम पहिल्या प्रकरणाच्या आधी करायचं असतं. शेवटी केलं तरी चालतं, पण मग वेळ जातो.

महाराजांचं नाव हा तर स्वतंत्र प्रश्न होता. मजकुरात "सयाजीराव" म्हणून निर्देश, सूचीत नोंद ग खाली, "गायकवाड, सयाजीराव". वाचक स खाली शोधेल आणि परत जाईल. आमच्या शहरात गायकवाड आडनावाचे अभ्यासकही पुष्कळ, त्यामुळे नुसतं "गायकवाड" म्हणूनही चालणार नव्हतं. एपीएचा नियम असा आहे की दोन वेगळ्या पहिल्या लेखकांचं आडनाव एकच असेल, तर वर्षं वेगळी असली तरी मजकुरात दरवेळी आद्याक्षर द्यायचं. आम्ही "स. गायकवाड" केलं आणि निवेदनात जिथे महाराज म्हणून उल्लेख आहे तिथे सयाजीरावच ठेवलं. माणूस म्हणून उल्लेख आणि लेखक म्हणून संदर्भ, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

देसाई व इतर, डट आणि सयाजीराव ही तीन म्हणजे आधीच जुळलेल्या नोंदींचीच दुसरी रूपं होती. ती एकत्र केली. राहिली चार. त्यांतली एक लेखिका लग्नाआधीच्या आणि नंतरच्या आडनावाची होती. पुस्तकावर जे छापलं आहे तेच घ्यायचं, आपल्याला माहीत आहे ते नाही. एक खात्याच्या अहवालाची होती, मजकुरात "शिक्षण खाते" आणि सूचीत "बडोदे संस्थान, शिक्षण खाते". आणि उरलेल्या दोन अशा होत्या की भाची पडद्याकडे बघत म्हणाली, "मावशी, हे तर सारखंच आहे गं! एक्सेल चुकलंय."

एक्सेल चुकलं नव्हतं. "गोऱ्हे" हे नाव दोन्हीकडे डोळ्यांना सारखंच दिसत होतं, पण आतून वेगळं होतं. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. कळफलक बदलला की प्रकार बदलतो. तसंच ॲ चं. तो एकच अक्षर म्हणूनही असतो आणि अ वर वेगळा अर्धचंद्र देऊनही होतो. माणसाला फरक दिसत नाही, पण शोधताना आणि क्रम लावताना यंत्राला ही दोन वेगळी नावं वाटतात. खात्री करायची असेल तर वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून `Alt+X` दाबावं. एकसंध ॲ असेल तर 0972 दिसतं, आणि वेगळा अर्धचंद्र असेल तर 0945. पुन्हा `Alt+X` दाबलं की अक्षर परत येतं. मघाशी नाव टंकण्याऐवजी चिकटवा म्हटलं ते याचसाठी. स्वतः टंकलं तर दोन्ही स्तंभांत एकाच प्रकारे टंकलं जातं आणि हा दोष झाकला जातो. पीडीएफ झाल्यावर कुणी "गोऱ्हे" शोधलं आणि निम्मे उल्लेख सापडलेच नाहीत, असं होऊ नये म्हणून एकच प्रकार ठरवून बाकीचे बदलून टाकायचे.

वर्षाच्या चुका तीन होत्या, आणि मला सगळ्यात जास्त आवडला तो मेहतांचा. मजकुरात "मेहता, १९६७". सूचीत "मेहता, १९१०". पुस्तक गुजराती. भाचीने मुखपृष्ठाचा फोटो काढून ठेवला होता, त्यावर १९६७ स्पष्ट छापलेलं. पण खाली किंमत लिहिली होती आठ आणे. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, मग १९६७ सालच्या नव्या पुस्तकावर आण्यांत किंमत कशी असेल? ते विक्रम संवत होतं. मजकूर लिहिताना तिने आकडा तसाच उचलला होता आणि सूची करताना ५७ वजा केले होते.

गुजराती संवताचं वर्ष दिवाळीनंतरच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत १९६७ म्हणजे १९१० च्या दिवाळीपासून १९११ च्या दिवाळीपर्यंत. पुस्तकावर महिना नसेल तर नुसतं १९१० लिहिणं म्हणजे अंदाजाला खात्री म्हणणं. आम्ही दोन्हीकडे "१९१०-११" केलं आणि सूचीत चौकटी कंसात "संवत १९६७" ठेवलं. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं, तिथे ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळासाठी ७९. बडोद्यासारख्या ठिकाणी तीन भाषांतली साधनं एकाच सूचीत येतात. संस्थानाचं "लायब्ररी मिसलेनी" हे नियतकालिकसुद्धा १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघत होतं. अशा साधनांवर काम करणाऱ्याने वर्ष उतरवताना त्याच्यापुढे कालगणनाही लिहून ठेवावी.

दुसरी चूक पुनर्मुद्रणाची. मूळ पुस्तक १९३५ चं, हातात होतं ते २०१० चं मुद्रण, पानांचे क्रमांकही त्याचेच. मजकुरात १९३५ आणि सूचीत २०१०. एपीएत अशा वेळी मजकुरात "१९३५/२०१०" असं दोन्ही देतात आणि सूचीत २०१० ची नोंद करून शेवटी मूळ प्रकाशनाचं वर्ष सांगतात. त्यामुळे पुस्तक कोणत्या काळात बोलतंय आणि पान कोणत्या प्रतीत शोधायचं, ही दोन्ही उत्तरं वाचकाला मिळतात. तिसरी चूक निव्वळ टंकनाची, १९९१ च्या जागी १९११. देवनागरी १ आणि ९ लहान टाइपात सहज गल्लत करतात. दोन्ही वर्षं शक्य वाटली तर पुस्तकच उघडावं लागतं, दुसरा उपाय नाही.

मजकुराच्या बाजूला अजून सात उरल्या होत्या. चार संदर्भ खरोखरच सूचीत घालायचे राहिले होते, आणि त्यांतले तीन तक्त्यांखालच्या "स्रोत" ओळींतले होते. उरलेले तीन वेगळ्या जातीचे. जुन्या वृत्तांतातली वाक्यं, पण भाचीने तो वृत्तांत पाहिलेला नव्हता. अलीकडच्या एका पुस्तकात ती वाक्यं उद्धृत केलेली होती आणि तिने मूळ संदर्भासकट उचलली होती. तिला यात काही गैर वाटलं नव्हतं. पण जे वाचलं नाही त्याचा संदर्भ वाचल्यासारखा देता येत नाही, कारण मधल्या लेखकाने उतरवताना चूक केली असेल तर ती आता आपली होते. दोन ठिकाणी आम्ही मूळ वृत्तांताचं नाव सांगून पुढे "देसाई, २००४ मध्ये उद्धृत" असं केलं. सूचीत नोंद फक्त देसाईंच्या पुस्तकाची, आणि ती आधीपासून होतीच. तिसऱ्या वृत्तांतासाठी ती दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेली, मूळ प्रत मागवली, पान पाहिलं. उद्धृत वाक्यातला एक आकडा खरोखरच वेगळा निघाला. तो दुरुस्त झाला आणि सूचीत एक नोंद वाढली.

सूचीच्या बाजूच्या बारांपैकी चार नावाच्या आणि तीन वर्षाच्या निकालात निघाल्या. राहिल्या पाच. दोन म्हणजे सूचीत आधीच असलेल्या पुस्तकांच्या दुहेरी नोंदी होत्या, त्यांतली एक ती "न्यूटन, मोहन दत्त". उरलेली तीन पुस्तकं तिने वाचली होती, पण कुठे वापरली नव्हती. "मावशी, वाचली तर आहेत ना? राहू देत." एपीएच्या सूचीत फक्त मजकुरात निर्देश असलेलीच साधनं येतात. वाचलेलं सगळं द्यायचं असतं ती ग्रंथसूची वेगळी, आणि विभाग ती मागत असेल तरच द्यायची. तिन्ही काढली. तिला वाईट वाटलं, ते मी समजू शकते.

आता हिशेब पाहा. सूचीतून पाच नोंदी गेल्या आणि पाच आल्या. पुन्हा ८६. मजकुरातल्या ९१ मधून तीन दुसरी रूपं आणि दोन न वाचलेले संदर्भ गेले. तिथेही ८६. दोन्ही स्तंभांत एकच एक. सूचीची संख्या आधीही ८६ होती आणि नंतरही ८६, पण आधीच्या ८६ मधल्या बारा कुलपांना किल्ली लागत नव्हती. म्हणून नुसत्या नोंदी मोजून काही कळत नाही.

भाचीने लॅपटॉप मिटायला घेतला. मी म्हटलं, थांब. या ताळ्याला एक जागा दिसत नाही. किल्ली लागली, कुलूप उघडलं, पण आतली वस्तू तीच आहे का, हे सूत्राला कळत नाही. त्यासाठी मी अवतरणांचे पान क्रमांक घेते. प्रत्येक अवतरणाचा पान क्रमांक त्या पुस्तकाच्या एकूण पानांत बसतो का, लेख असेल तर त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या मधे पडतो का, एवढंच पाहायचं. तासाभराचं काम. त्यात "जोशी, २०११, पृ. ३१२" सापडलं आणि सूचीतलं जोशींचं पुस्तक होतं १९८ पानांचं.

जोशींची त्याच वर्षी दोन पुस्तकं निघाली होती. तिने दोन्ही वापरली, पण सूची करताना "जोशी २०११ झालं" समजून दुसरं घातलंच नाही. दोघांची किल्ली एकच असल्यामुळे ताळा बिनबोभाट जमला होता. अशा वेळी वर्षापुढे अक्षर लावतात, २०११अ आणि २०११ब. अ कोणाला आणि ब कोणाला हे आधी कोण आलं त्यावर ठरत नाही, पुस्तकांच्या नावांच्या अकारविल्ह्यावर ठरतं. सूचीतलं काम पाच मिनिटांचं होतं. मजकुरात मात्र जोशी २०११ सात ठिकाणी होतं आणि प्रत्येक ठिकाणी कोणतं पुस्तक, हे तिच्या टिपणांच्या वह्या काढून पाहावं लागलं. रात्रीचे साडेअकरा झाले. आता दोन्हीकडे ८७.

संदर्भ सांभाळणारं झोटेरोसारखं साधन वापरलं असतं तर हे टळलं असतं का, असं तिने विचारलं. बरंचसं टळलं असतं. ते साधन निर्देश केलेल्याच नोंदी सूचीत घालतं आणि अ-ब आपोआप लावतं. पण त्यात दत्त आणि डट अशा दोन नोंदी भरल्या तर ते दोन्ही इमानाने छापणार, आणि घाईत हाताने टंकलेला एखादा संदर्भ त्याला दिसणारही नाही. साम्य तपासणीच्या अहवालावर विसंबणंही व्यर्थ. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार ती तपासणी करताना संदर्भसूची वगळलीच जाते.

ताळा जमल्यावर मग शैली. इथे एकच युक्ती सांगते. नोंद वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचू नका. एका नोंदीत लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक असं सगळं एकदम पाहिलं की डोळा अर्थ वाचतो आणि विसंगती सोडून देतो. त्याऐवजी एकच घटक सगळ्या नोंदींत पाहायचा. आधी सत्याऐंशी नोंदींची फक्त नावं, आद्याक्षरं आहेत की पूर्ण नावं. मग फक्त वर्षं. मग फक्त प्रकाशक. प्रकाशकांच्या फेरीत तिच्याकडे एकाच प्रकाशनाची तीन रूपं निघाली, आणि सोळा नोंदींत प्रकाशनस्थळ होतं, बाकीच्यांत नव्हतं. सातव्या आवृत्तीने पुस्तकांचं प्रकाशनस्थळ काढून टाकलं आहे, त्यामुळे ते सोळा ठिकाणी गेलं आणि त्याबरोबर बडोदे, बडोदा, वडोदरा हा घोळही सुटला. इंग्रजीतला मोठ्या-लहान अक्षरांचा नियम देवनागरीला लागूच होत नाही. पुस्तकाचं नाव तिरपं करायचं की ठळक, हे मार्गदर्शकांना विचारून ठरवावं. देवनागरी तिरप्या टाइपात मला तरी वाचायला त्रास होतो.

क्रम लावताना वर्डवर सोडून देऊ नका. क्षीरसागर क मध्ये घ्यायचे की ह नंतर, पंडित पटवर्धनांच्या आधी की पौ नंतर, याबद्दल मराठी कोशांतही एकवाक्यता नाही. दोन्ही चालतात, एकच ठरवलं पाहिजे. आम्ही क्ष शेवटी ठेवला, वर्णमालेत असतो तसा.

बांधणीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद घालायला सांगितला होता, त्यात एक नवा संदर्भ. मी तिला एक्सेलची फाइल उघडायला लावली. तिने पहिल्या स्तंभात किल्ली चिकटवली आणि म्हणाली, "शून्य आलं." मग सूचीत नोंद केली, दुसऱ्या स्तंभात ओळ घातली. "एक आलं, मावशी. दोन्हीकडे अठ्ठ्याऐंशी. लेखक क्षीरसागर आहेत, म्हणजे अगदी शेवटी ना?"

"अगदी शेवटी," मी म्हटलं. "आणि वर्ष पुस्तकावरून बघून घातलंस ना?"

"हो. शके नाही, संवत नाही. साधा इसवी सन आहे."